रेप्लिकेशनचे एन्झाइम क्रमाने लावताना: ई. कोलायच्या हँडआउटसाठी पायऱ्या

मॉलिक्युलर बायोलॉजीच्या हँडआउटवर एक प्रश्न हमखास असतो: खालील एन्झाइम डीएनए रेप्लिकेशनच्या क्रमाने लावा आणि प्रत्येकाचं काम लिहा. खाली नावं उलटसुलट छापलेली असतात. लायगेज, प्रायमेज, डीएनए पॉलिमरेज वन, हेलिकेज, एसएसबी, गायरेज, डीएनए पॉलिमरेज थ्री, डीएनए-ए. मी कोपरखैरण्याला राहते आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत बी.एस्सी. करणारी मुलं सुट्टीच्या दिवशी हा विषय घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांना सगळी नावं येत असतात, कामंही येत असतात. गाडी अडते ती क्रमावर. गायरेज हेलिकेजच्या आधी की नंतर? पॉलिमरेज वन आधी की थ्री?

पाठ केलेली यादी परीक्षेत एका जागी सरकली की पुढची सगळी सरकते. त्यामुळे खाली दिलेली पद्धत पाठांतराची नाही. प्रत्येक एन्झाइमला काम सुरू करायला समोर काय तयार लागतं, एवढं बघायचं. ते तयार करून देणारा त्याच्या आधी येतो. क्रम यातूनच निघतो.

जवळ ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: हँडआउटची एक स्वच्छ झेरॉक्स (वर्गात खरडलेली नको), दोन कोरे कागद, आणि तीन रंगांची पेनं. एक रंग जुन्या डीएनएचा, एक नव्या डीएनएचा, एक आरएनएचा. आरएनएला वेगळा रंग का लागतो, ते सहाव्या पायरीत कळेल. त्याशिवाय ती पायरी डोळ्यांसमोर येत नाही.

१. जीव कोणता ते आधी बघा

हँडआउटच्या मथळ्यात किंवा आकृतीखाली जीव लिहिलेला असतो. वर दिलेली नावं ई. कोलाय या जिवाणूची आहेत. माणसाच्या पेशीत हीच कामं वेगळ्या नावांची प्रथिनं करतात. तिथे प्रायमर, म्हणजे साखळीची सुरुवात करून देणारा आरएनएचा तुकडा, घालणारं प्रायमेज पॉलिमरेज अल्फाला जोडलेलं असतं, लांब साखळ्या पॉलिमरेज डेल्टा आणि एप्सिलॉन बनवतात, आणि प्रायमर काढण्यात फेन-वन नावाचं एन्झाइम मोठा वाटा उचलतं. काही हँडआउटवर दोन्हींची नावं शेजारी शेजारी छापलेली असतात. मग मुलं "पॉलिमरेज डेल्टानंतर पॉलिमरेज वन" असं मिश्र उत्तर लिहितात आणि ते कुठल्याच जीवाला लागू पडत नाही. प्रश्नात जीव दिला नसेल तर उत्तराच्या पहिल्या ओळीत "ई. कोलायमध्ये" असं स्वतः लिहा.

आणखी एक गोष्ट याच पायरीत. डीएनए-ए हे प्रथिनाचं नाव आहे. इंग्रजीत छापताना त्यात फक्त पहिलं आणि शेवटचं अक्षर मोठं असतं, त्यामुळे घाईत ते "डीएनए" असंच वाचलं जातं आणि यादीतून गळतं. त्याभोवती आत्ताच गोल करून ठेवा.

२. प्रत्येक नावापुढे "समोर काय लागतं" ते लिहा

पहिल्या कोऱ्या कागदावर हँडआउटवरची नावं त्याच उलटसुलट क्रमाने उतरवा. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी लिहा: काम सुरू करायला काय लागतं, आणि काम झाल्यावर काय तयार होतं.

लायगेजला दोन डीएनए तुकडे अगदी शेजारी शेजारी लागतात, मध्ये फक्त एक जोड राहिलेला. पॉलिमरेज थ्रीला आधीपासून बसलेल्या साखळीचं मोकळं ३′ टोक लागतं, कारण कुठलंही डीएनए पॉलिमरेज शून्यातून साखळी सुरू करू शकत नाही. प्रायमेजला सुटा झालेला एकेरी डीएनए लागतो, आणि तो आरएनएचा छोटा तुकडा घालून तेच ३′ टोक तयार करतो. हेलिकेजला आत शिरायला थोडा उघडलेला डीएनए लागतो. तो पहिल्यांदा उघडतो डीएनए-ए.

एवढं लिहून झालं की शेवटाकडून मागे या. लायगेजच्या आधी आरएनए काढलेला हवा, त्याच्या आधी तुकडा बनलेला हवा, त्याच्या आधी प्रायमर, त्याच्या आधी एकेरी डीएनए, त्याच्या आधी उघडलेली जागा. अर्धा क्रम इथेच लागला. गायरेज आणि एसएसबी या साखळीत सरळ बसत नाहीत. त्यांचं पुढे बघू.

३. एकदाच घडणारं काम वेगळं करा

यादीतल्या सगळ्या गोष्टी सारख्या वेळा घडत नाहीत, हे लक्षात आलं की निम्मा गोंधळ संपतो. सुरुवात एका फेरीत एकदाच होते. फोर्क, म्हणजे डीएनएचे दोन धागे जिथे सुटे होत जातात ती जागा, सतत पुढे सरकत असतो. लॅगिंग स्ट्रँडवरचं, म्हणजे तुकड्यातुकड्यांनी बनणाऱ्या धाग्यावरचं, काम मात्र प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा पुन्हा होतं.

ई. कोलायचा गोल क्रोमोसोम साधारण ४६ लाख बेसजोड्यांचा आहे आणि रेप्लिकेशन त्यातल्या एकाच ठरलेल्या जागी सुरू होतं. तिला ओरिसी म्हणतात. ती सुमारे २४५ बेसजोड्यांची आहे. एटीपी धरलेली डीएनए-ए प्रथिनं तिथल्या ९ बेसच्या खुणांवर बसतात आणि शेजारचा एटी-बहुल भाग उकलतात. एटी जोडीत दोनच हायड्रोजन बंध असल्यामुळे तो भाग तुलनेने सहज सुटतो. मग डीएनए-सी हे मदतनीस प्रथिन हेलिकेजला, म्हणजे डीएनए-बीला, आणून एकेरी धाग्यावर चढवतं आणि स्वतः निघून जातं. दोन हेलिकेज चढतात आणि दोन फोर्क विरुद्ध दिशांना निघतात.

डीएनए-ए आणि डीएनए-सी यांचं काम इथे संपलं. कागदावर त्यांच्याखाली आडवी रेघ मारा. रेघेच्या वरचं एकदाच, खालचं सतत.

४. फोर्कवरची तीन नावं: हेलिकेज, एसएसबी, गायरेज

हेलिकेज सहा एककांची कडी आहे. ती लॅगिंग स्ट्रँडच्या टेम्प्लेटवरून, म्हणजे ज्याची प्रत निघते त्या जुन्या धाग्यावरून, ५′ कडून ३′ कडे सरकते आणि एटीपी खर्च करत दोन धागे वेगळे करते. सुटलेल्या एकेरी धाग्यांवर लगेच एसएसबी बसतं, नाहीतर ते पुन्हा जुळतील किंवा स्वतःवरच दुमडतील. एसएसबी काहीच कापत नाही, जोडत नाही, एटीपी वापरत नाही. ते एन्झाइम नाही, फक्त डीएनएला बांधणारं प्रथिन आहे. प्रश्नात "एन्झाइमच लिहा" असं स्पष्ट असेल तर एसएसबी क्रमात दाखवा आणि पुढे "एन्झाइम नाही" अशी नोंद करा. यावर गुण कापलेले मी पाहिले आहेत.

आता गायरेज. पीळ दिलेल्या सुंभाचे दोन पदर एका टोकाकडून ओढून वेगळे करा, पुढच्या भागात पीळ घट्ट होत जातो आणि शेवटी गाठी पडतात. डीएनएचं तसंच होतं. दुहेरी हेलिक्सचा एक वेढा सुमारे १०.५ बेसजोड्यांचा असतो आणि फोर्क सेकंदाला साधारण १००० बेसजोड्या सरकतो. म्हणजे फोर्कच्या पुढे दर सेकंदाला जवळपास ९५ वेढ्यांचा ताण साठतो. गायरेज हे टाइप टू टोपोआयसोमरेज आहे. ते दुहेरी डीएनएचे दोन्ही धागे कापतं, दुसरा भाग त्या फटीतून पलीकडे नेतं आणि पुन्हा जोडतं. एका फेरीत ते दोन वेढ्यांचा हिशोब बदलतं. म्हणून एका फोर्कपुढे असे कितीतरी गायरेज एकाच वेळी राबत असतात.

मग क्रमात ते कुठे? जागेच्या दृष्टीने बघितलं तर गायरेज हेलिकेजच्या पुढे आहे, त्यामुळे आकृती डावीकडून उजवीकडे वाचणारे त्याला आधी लिहितात. कामाच्या दृष्टीने बघितलं तर ताण हेलिकेजमुळे तयार होतो, म्हणून कारणाच्या क्रमाने ते हेलिकेजनंतर येतं. ज्यांनी "आधी गायरेज" लिहिलं त्यांच्याकडेही एक आधार आहे: गायरेजने आधीच घातलेल्या उलट्या पिळामुळे ओरिसी उघडणं सोपं जातं. माझा सल्ला असा: हेलिकेज लिहा आणि त्याच ओळीत "फोर्कच्या पुढे, त्याच वेळी: गायरेज" असं लिहा. तपासणाऱ्याला दोन्ही कळलंय हे दिसतं. तुमच्या वर्गातल्या हँडआउटमध्ये वेगळी जागा दिली असेल तर ती पाळा, पण कारण लिहायला विसरू नका.

सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध जिवाणूंच्या गायरेजवर काम करतं. गायरेजचं काम एका वाक्यात लिहायचं असेल तेव्हा हा संदर्भ जोडला की उत्तर भक्कम होतं.

५. प्रायमेज, मग पॉलिमरेज थ्री

प्रायमेज म्हणजे डीएनए-जी. ई. कोलायमध्ये ते फोर्कवर हेलिकेजला येऊन टेकतं आणि साधारण १०-१२ न्यूक्लिओटाइडचा आरएनए प्रायमर घालतं. हेलिकेजशिवाय प्रायमेज नीट काम करत नाही, म्हणून या दोघांचा क्रम पक्का आहे.

प्रायमरच्या ३′ टोकापासून पॉलिमरेज थ्री डीएनए जोडत जातं. त्याला धाग्यावर घट्ट धरून ठेवणारी एक कडी असते, बीटा क्लॅम्प. ती धाग्याभोवती बसवणारं वेगळं संकुल असतं. हँडआउटमध्ये क्लॅम्प दिला असेल तर तो प्रायमेज आणि पॉलिमरेज थ्रीच्या मध्ये लिहा.

नावातल्या आकड्यांनी इथे फसायला होतं. वन आधी, थ्री नंतर, असं वाटणं साहजिक आहे. पण हे आकडे शोधाच्या क्रमाचे आहेत. आर्थर कोर्नबर्ग यांना पॉलिमरेज वन १९५० च्या दशकात सापडलं आणि १९५९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टू आणि थ्री १९७० च्या आसपास हाती आली. पेशीत क्रोमोसोमची जवळपास सगळी लांबी थ्री बनवतं. वन त्याच्या मागून येतं. याचा एक ठोस पुरावा १९६९ चा आहे: पॉलिमरेज वनची क्रिया जवळजवळ नसलेला ई. कोलायचा म्युटंट डी लुसिया आणि केर्न्स यांना सापडला आणि तो वाढत होता, क्रोमोसोमची प्रत काढत होता. अतिनील किरणांना मात्र तो नाजूक होता, कारण दुरुस्तीत वन लागतं.

६. एका ओकाझाकी तुकड्याचा प्रवास कागदावर काढा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून घाई नको. दुसरा कोरा कागद आडवा धरा. डावीकडे शून्य लिहा, तो ओरिसी. फोर्क उजवीकडे जातोय. लॅगिंग बाजूवर नवा धागा मात्र उजवीकडून डावीकडे बनतो, कारण पॉलिमरेज फक्त ५′ कडून ३′ कडे जोडतं आणि इथे ती दिशा फोर्कच्या उलट आहे. म्हणूनच हा धागा तुकड्यातुकड्यांनी बनवावा लागतो. ई. कोलायमध्ये हे तुकडे साधारण १००० ते २००० न्यूक्लिओटाइडचे असतात. आपण १५०० धरू.

फोर्क १५०० च्या पुढे गेला. प्रायमेजने १५०० पासून १४९० पर्यंत ११ आरएनए न्यूक्लिओटाइड घातले. ते आरएनएच्या रंगाने काढा. पॉलिमरेज थ्रीने १४८९ पासून शून्यापर्यंत डीएनए बनवला. हा पहिला तुकडा.

फोर्क ३००० च्या पुढे गेला. नवा प्रायमर ३००० ते २९९०. पॉलिमरेज थ्री २९८९ पासून डावीकडे येत येत १५०१ ला पोचलं. समोर १५०० वर पहिल्या तुकड्याचा आरएनए उभा आहे. थ्री इथे थांबतं आणि सोडून देतं. त्याच्याकडे चुकीचा न्यूक्लिओटाइड मागे वळून काढायचं, म्हणजे ३′ कडून ५′ कडे कापायचं साधन आहे. समोरचं ५′ कडून ३′ कडे कापायचं साधन त्याच्याकडे नाही.

ते साधन पॉलिमरेज वनकडे आहे. वन १५०१ च्या ३′ टोकावर बसतं, समोरचा आरएनए एकेक करून काढतं आणि त्याच वेळी मागून डीएनए भरतं. १५०० पासून १४९० पर्यंत सगळं डीएनए झालं. कागदावर आरएनएचा रंग खोडून नव्या डीएनएचा रंग द्या.

इथे नीट बघा: काढला गेला तो प्रायमर जुन्या, म्हणजे पहिल्या तुकड्याचा. तो भरण्यासाठी वापरलेलं टोक नव्या, म्हणजे दुसऱ्या तुकड्याचं. "पॉलिमरेज वन आपल्याच तुकड्याचा प्रायमर काढतं" असं उत्तरपत्रिकेत फार दिसतं. ते शक्य नाही, कारण दुसऱ्या तुकड्याचा स्वतःचा प्रायमर ३००० वर, मागे राहिला आहे. त्याच्या उजवीकडे अजून भरायला टोकच नाही. तिसरा तुकडा तिथपर्यंत आला की मगच तो निघेल. (ई. कोलायमध्ये आरनेज एच हे एन्झाइमही आरएनए काढायला मदत करतं. हँडआउटमध्ये ते असेल तर वनच्या बरोबरीने लिहा.)

आता १४९० आणि १४८९ च्या मध्ये फक्त एक फॉस्फोडायएस्टर बंध कमी आहे. एका बाजूला ३′ हायड्रॉक्सिल, दुसऱ्या बाजूला ५′ फॉस्फेट. या फटीला निक म्हणतात. खऱ्या पेशीत वन थोडं पुढे जाऊन डीएनएही काढतं-भरतं, त्यामुळे निक काही न्यूक्लिओटाइड डावीकडे सरकलेली असू शकते. कागदावर ती १४९० वरच दाखवा.

७. लायगेज सगळ्यात शेवटी का

लायगेजला निकच्या दोन्ही बाजूंना डीएनए हवा. मधली जागा रिकामी असेल तर ते न्यूक्लिओटाइड घालू शकत नाही. समोर आरएनए उभा असेल तर तो जोड त्याच्या कामाचा नाही. म्हणून वन आधी, लायगेज नंतर, यात अदलाबदल होऊच शकत नाही. ई. कोलायचं लायगेज ऊर्जेसाठी एनएडी वापरतं. माणसाचं आणि टी-४ फाज या जिवाणूंच्या विषाणूचं लायगेज एटीपी वापरतं. कॉलेजच्या क्लोनिंग प्रॅक्टिकलला बहुधा टी-४ चं लायगेज असतं, त्यामुळे मुलं ई. कोलायच्या उत्तरातही एटीपी लिहून टाकतात.

एका फेरीत हे किती वेळा होतं याचा हिशोब करून बघा. दोन फोर्क प्रत्येकी २३ लाख बेसजोड्यांचं अंतर पार करतात. सेकंदाला १००० या वेगाने २३०० सेकंद, म्हणजे ३८ मिनिटं. ई. कोलायला पूर्ण क्रोमोसोमची प्रत काढायला लागणाऱ्या सुमारे ४० मिनिटांशी हे जुळतं. दोन्ही फोर्क मिळून लॅगिंग बाजूला ४६ लाख न्यूक्लिओटाइड बनतात. तुकडा १००० ते २००० चा धरला तर एका फेरीत २३०० ते ४६०० तुकडे. तितक्या वेळा प्रायमेज, थ्री, वन, लायगेज. डीएनए-एची पायरी मात्र त्या संपूर्ण फेरीत एकदाच.

८. उत्तर लिहा आणि एकेक नाव काढून तपासा

उत्तरपत्रिकेत क्रम असा मांडा. सुरुवात, एकदाच: डीएनए-ए, मग डीएनए-सीच्या मदतीने हेलिकेज. फोर्कवर, सतत: हेलिकेज, त्याच्यापुढे गायरेज, त्याच्यामागे एसएसबी. धागा बनवताना: प्रायमेज, पॉलिमरेज थ्री. लॅगिंग बाजूवर प्रत्येक तुकड्याला: प्रायमेज, पॉलिमरेज थ्री, पॉलिमरेज वन, लायगेज. लीडिंग बाजूला, जिथे नवा धागा फोर्कच्याच दिशेने सलग बनतो, प्रायमर साधारण एकदाच पुरतो, हे एका वाक्यात वेगळं लिहा. शेवटी, गोल क्रोमोसोमच्या दोन प्रती कडीत कडी अडकल्यासारख्या राहतात आणि त्या टोपोआयसोमरेज फोर सोडवतं. हँडआउटमध्ये हे नाव असेल तर लायगेजनंतर लिहा.

मग तपासणी. प्रत्येक नावावर बोट ठेवा आणि विचारा: हे नसेल तर नेमकं काय साठून राहील? जिवाणूंच्या अभ्यासात हा प्रश्न खऱ्या म्युटंटवर विचारला गेला आहे. तापमानाला नाजूक असलेले ई. कोलायचे म्युटंट ३० अंशांवर वाढवून ४२ अंशांवर नेले की दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. हेलिकेज किंवा प्रायमेज बिघडलेल्या पेशींत डीएनए बनणं जवळपास लगेच थांबतं. डीएनए-ए बिघडलेल्या पेशींत मात्र चालू असलेल्या फेऱ्या पूर्ण होतात आणि नव्या सुरू होत नाहीत. तुम्ही तिसऱ्या पायरीत मारलेली आडवी रेघ हीच.

लायगेजसाठीही असाच प्रयोग आहे. रेइजी ओकाझाकी यांच्या गटाने १९६८ मध्ये पेशींना किरणोत्सारी थायमिडीन अगदी थोडा वेळ दिलं, तेव्हा ते आखूड तुकड्यांत सापडलं. जास्त वेळ दिलं तर लांब धाग्यांत. लायगेज बिघडलेल्या टी-४ फाजमध्ये ते आखूड तुकडे तसेच साठून राहिले. तुमच्या यादीत लायगेजवर बोट ठेवलं आणि "हजारो आखूड तुकडे, आरएनए नाही, फक्त निक" असं उत्तर आलं तर ती जागा बरोबर आहे. "तुकड्यांमध्ये आरएनए" असं आलं तर पॉलिमरेज वन आणि लायगेज यांची अदलाबदल झाली आहे. पुन्हा सहाव्या पायरीच्या कागदावर जा आणि १५०० वर काय उभं आहे ते बघा.